कळतं पण वळत नाही, ते का?



सकाळी उठल्याबरोबर ग्रुपवर सुविचार येतो. आपण वाचतो, मान डोलावतो, हात जोडतो आणि माहेरच्या, सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर पुढे पाठवतो. दुपारी एखादा व्हिडिओ, रात्री सवयी बदलण्याच्या पुस्तकाची चार पानं. मनाला बरं वाटतं. पण संध्याकाळी घरात चढायचा तो आवाज चढतोच. मग प्रश्न पडतो, जे वळलं नाही ते खरंच कळलं होतं का?

हा प्रश्न जुना आहे. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने नीतीवरच्या आपल्या ग्रंथात एक चपखल दाखला दिला. सद्गुणांची चर्चा करूनच आपण सद्गुणी होऊ असं मानणारी माणसं ही डॉक्टरांचं बोलणं मन लावून ऐकणाऱ्या, पण सांगितलेलं काहीच न करणाऱ्या रुग्णासारखी असतात. रुग्ण खोटारडा नसतो. त्याचं ऐकणंही खरं असतं. फक्त औषध बाटलीतच राहतं.

मग बाटलीतलं औषध पोटात कसं जाणार? आपण म्हणतो, अजून प्रेरणा हवी, अजून वाचायला हवं. इथेच आपली गफलत होते. २००२ साली इंग्लंडमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे तीन गट केले. एका गटाला व्यायामाबद्दल विशेष काहीच दिलं नाही. दुसऱ्याला व्यायाम आणि हृदयविकार यांबद्दल मन वळवणारा मजकूर वाचायला दिला. तिसऱ्याने तोच मजकूर वाचला, पण शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कुठे व्यायाम करणार हे लिहून दिलं.

पहिल्या गटातल्या ३८ टक्के मुलांनी त्या आठवड्यात व्यायाम केल्याचं सांगितलं. नुसतं वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनी, आणि लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी. वाचणाऱ्यांची इच्छा वाढली होती, हे खरं. कृती मात्र वाढली नाही. इच्छेला दिवस, वेळ आणि जागा मिळाली तेव्हाच ती चालू लागली.

आता हे आपल्या घरात आणून बघूया. समजा, वडोदऱ्यातल्या एका काकांनी वाचलं, ‘घरच्यांना वेळ द्या.’ पटलं. पण ‘वेळ देईन’ हे उद्यापासून नेमकं कधी करायचं? याला सुरुवातच नाही, म्हणून ते होत नाही. तेच त्यांनी असं लिहिलं तर: ‘रात्री पान वाढलं की पाटावर बसण्याआधी मी फोन फ्रिजवर ठेवीन.’ यात आठवण करून देणारी गोष्ट आहे, वाढलेलं पान. ती रोज होणारच. काम अर्ध्या मिनिटाचं आहे. आणि झालं की नाही, हे घरातलं शेंडेफळसुद्धा सांगू शकतं. आपलं वाक्य बरोबर जमलं का, हे ओळखायची हीच खूण समजावी. ‘शांत राहीन’, ‘सकारात्मक होईन’ हे दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून तिथे स्वतःची समजूत घालणं सोपं जातं.

अडचण येणारच. तिसऱ्या दिवशी जेवताना कामाचा फोन वाजेल. त्यासाठी दुसरं वाक्य आधीच तयार ठेवावं: ‘फोन वाजला तर जेवण झाल्यावर उलटा करीन.’ एखाद्या दिवशी राहिलंच, तर तेवढ्याने सवय मोडत नाही. लंडनमध्ये सवयींचा अभ्यास झाला, तेव्हा एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नव्हता. पण सवय अंगवळणी पडायला कुणाला तीनेक आठवडे लागले, तर कुणाला कित्येक महिने. म्हणून पंधरा दिवसांत कंटाळून नवं पुस्तक उघडू नये.

या उपायाला मर्यादाही आहे. मुळात ती गोष्ट आपल्याला हवीच नसेल, शेजाऱ्यांनी म्हटलं म्हणून लिहिली असेल, तर कागद काही करत नाही. आणि एकदम पाच वाक्यं लिहिली तर ती एकमेकांच्या पायात येतात. एकच घ्यावं.

आम्हाला वाटतं, वाचन कमी करायची गरज नाही. पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबलं तरी पुरे. आज या लेखाखाली हात जोडण्याऐवजी प्रत्येक घरातून एकानेच एक वाक्य लिहावं: अमुक झालं की मी तमुक करीन. ते ग्रुपवर नको, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहा. रात्री झालं असेल तर त्या तारखेवर बरोबरची खूण करा. पुढच्या महिन्याचं पान उलटण्याआधी त्या खुणा घरच्यांनी मिळून मोजाव्यात 🙏