आत्याचा रहाट

आमच्या घराण्याच्या मेळाव्यासाठी एक लहानशी स्मरणिका काढायची ठरली आणि तिचे संपादन माझ्या गळ्यात पडले. कोकणातल्या आमच्या आत्याने परसातल्या विहिरीच्या रहाटावर अकराशे शब्द लिहून पाठवले. पाने कमी पडू लागली तेव्हा मी त्यांचे सहाशे केले. मग भावाने तीनशे केले, आणि शेवटी भाचीने शंभर. छापण्यापूर्वी तो मजकूर आत्याला वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "छान आहे रे. कुणाचं आहे?"

मी वरमलो, आणि घरी येऊन चारही प्रती शेजारी शेजारी मांडून बसलो.

आत्याने लिहिले होते, "रहाटाला तेल घालायचं काम माझंच. म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं हो, पण माझंच. एक दिवस विसरले, तर असा काही रडला मेला, की आई म्हणाली, जा बाई, त्याला काय हवं ते दे." हे तीस शब्द झाले. माझ्या प्रतीत मधले वाक्य गेले होते आणि 'मेला'ही गेला होता. मला ते पाल्हाळ वाटले होते. भावाच्या प्रतीत होते, "रहाटाला तेल घालण्याचे काम माझ्याकडे होते. एकदा विसरल्यामुळे तो खूप करकरला व आई मला ओरडली." आणि भाचीच्या प्रतीत एवढेच उरले, "लहानपणी रहाटाची जबाबदारी माझ्यावर होती."

वाचकहो, आई ओरडली कुठे होती? ती तर थट्टा करीत होती! आणि जबाबदारी तरी कुणी टाकली होती? पोरीने ती आपण होऊन उचलली होती; साऱ्या लेखाचा जीव त्यातच होता. आपण म्हणतो की सूर गेला तरी मजकूर राहतो. इथे 'हो' आणि 'जा बाई' गेल्याबरोबर घडलेली गोष्टच बदलली. भाचीला बोल लावण्यात अर्थ नाही. तिने मूळ लेख पाहिलाच नव्हता, भावाची प्रत पाहिली होती; भावाने माझी. प्रत्येकाने आधीच्याच्या चुकीवर विश्वास ठेवला आणि थोडी आपली भर घातली.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही असे घडलेले आहे. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचा एक संग्रह १९८१ साली निघाला, तेव्हा संपादक गॉर्डन लिश यांनी त्यातला निम्म्याहून अधिक मजकूर काढून टाकला होता. प्रकाशन थांबवा, अशी कार्व्हरने पत्रातून विनवणी केली होती, पण पुस्तक निघाले आणि गाजले. त्यातल्या कोरड्या, तुटक शैलीची लोक कार्व्हरची म्हणून तारीफ करीत राहिले. त्या कथांची मूळ रूपे पुस्तकरूपाने आली ती २००९ साली. कार्व्हर १९८८ सालीच वारला होता. पुस्तक गाजले म्हणून लिश यांचे बरोबर ठरते, असे काहीजण मानतात. मला ते पटत नाही. निदान वर नाव दोघांचे हवे होते.

मी पुन्हा आत्याच्या मूळ कागदांकडे गेलो. या वेळी वाक्ये पिळायची नाहीत, प्रसंगच्या प्रसंग उचलून बाजूला ठेवायचे, असे ठरवले. दोर तुटल्याची हकीकत गेली, पुराचे वर्ष गेले, गाय गेली. गायीचे मला वाईट वाटले. तेलाचा प्रसंग मात्र तीसच्या तीस शब्दांनिशी ठेवला आणि उरलेल्या सत्तरांत रहाट मोडला तो दिवस. जुळणीसाठीसुद्धा माझा शब्द घालायचा नाही. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तो मूळ कागदावर दाखवता आला पाहिजे, अशी अट स्वतःला घातली. 'त्यामुळे' हा शब्द तिच्या अकराशेंत एकदाही नाही, आमच्या शंभरांत तो तीनदा होता!

एक अडचण राहिली. आत्या 'म्हणजे' फार वापरते. अकराशे शब्दांत ते खपून जाते, पण शंभरांत पाच वेळा आले तर ती तिची नक्कल होईल. म्हणून एकच ठेवले. आणि उद्या कुणी वीसच शब्द मागितले तर? तर आत्याच्या नावाने वीस शब्द मी देणार नाही. 'आत्याने रहाटाची आठवण लिहिली आहे' असे माझ्या नावाने लिहीन.

परवा तिला नवे शंभर शब्द वाचून दाखवले. ती मध्येच हसली, मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "गाय कुठं गेली रे?"

मी जागेची अडचण सांगितली.

"बरं," ती म्हणाली, "पण तो 'मेला' छापतोस ना?"