मशीनमधले ओले कपडे

नीतिसूत्रे १२:२७ मधला आळशी अंथरुणात लोळत पडलेला नाही. शिकार त्याच्या हातात आहे, फक्त ती भाजायचा कंटाळा आहे. (मूळ हिब्रू क्रियापद दुर्मिळ असल्याने इथे भाषांतरं थोडी वेगवेगळी दिसतात.) १९:२४ मधल्याचा तर हात ताटात पोचलाय, तो तोंडापर्यंत न्यायचं जिवावर येतं!

चौदा वर्षांच्या भाच्याला मी हे कपड्यांवरून दाखवलं. मशीन त्यानेच लावलं होतं, पण बीप वाजल्यावर कपडे रात्रभर ड्रममध्येच राहिले. पावसाळ्याचे दिवस. सकाळी मी एवढंच म्हणालो, "टी-शर्ट हुंगून बघ." रात्री वाळत घालायला दहा मिनिटं लागली असती. आता पुन्हा पाणी, पुन्हा पावडर, पुन्हा तासभर.

"म्हणजे शिकार नासली," तो म्हणाला. मग लगेच, "पण मामा, मी खरंच दमलो असेन तर?"

प्रश्न रास्त होता. दमलेला माणूस झोप झाली की उठून ते काम करतो. आळशाला मात्र झोपेनंतरही कारण सापडतं. २६:१३ मध्ये तो म्हणतो, रस्त्यात सिंह आहे.

"आमच्या बाल्कनीत मांजर असते," असं म्हणत तो बादली घेऊन उठला.