‘कळवतो’ म्हटलं की कळतं

लग्नं ठरवून होतात अशा घरांत ‘पत्रिका जुळत नाही’ या वाक्याला जेवढा मान आहे, तेवढा खुद्द पत्रिकेलाही नसेल. पोहे झाले, चहा झाला, चपला घालता घालता मुलाचे वडील म्हणाले, ‘‘आठ दिवसांत कळवतो.’’ आठाचे पंधरा झाले आणि मग मध्यस्थांकरवी निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. मुलीच्या घरी यावर कोणी विचारत नाही, की छत्तीसपैकी गुण आले किती, नाडीदोष निघाला की मंगळ आडवा आला. ‘‘बरं, योग नव्हता’’ म्हणतात आणि पुढचं स्थळ बघायला लागतात.

समजा, एखाद्या भाबड्या वडिलांनी दुसरा ज्योतिषी गाठला, त्याच्याकडून 24 गुण जुळवून घेतले आणि कागद घेऊन ते मुलाच्या दारात उभे राहिले, ‘‘अहो, जुळते की!’’ तर मध्यस्थ कपाळाला हात लावतील. पत्रिकेवर ज्यांची खरोखर श्रद्धा आहे तेही लावतील. या वडिलांचं चुकलं काय? निरोपातला शब्द न् शब्द त्यांनी नीट ऐकला होता. चुकलं ते एवढंच, की सगळ्या गावाला जे ऐकू आलं ते त्यांना आलं नाही.

आडून दिलेला नकार हा अर्धवट नकार असतो, तो ऐकणाऱ्याला कळेलच असं नाही, असं आपण उगाच धरून चालतो. ‘स्पष्ट नाही म्हणायला शिका’ हा उपदेश त्यातूनच येतो. पण माणसं एकमेकांना रोज नकार देतात तो कसा, हे टेप लावून ऐकलं तर वेगळंच दिसतं. अमेरिकेत हार्वी सॅक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात साध्यासुध्या गप्पा आणि फोनवरची बोलणी ध्वनिमुद्रित करून, त्यातले उसासे आणि थांबेसुद्धा टिपून अभ्यासाला सुरुवात केली. त्या अभ्यासातून पुढे आलेली एक गोष्ट फार ठाम आहे: होकाराची आणि नकाराची घडण मुळातच वेगळी असते. होकार लगेच येतो, तो आखूड असतो आणि त्याला कारण जोडावं लागत नाही. नकार उशिरा येतो, आधी ‘अं’ किंवा ‘खरं म्हणजे’ येतं, मग आमंत्रणाचं कौतुक, मग कारण. ‘नाही’ हा शब्द बहुधा येतच नाही.

फोनवरचं एक नेहमीचं बोलणं घेऊ.

‘‘रविवारी दुपारी जेवायला या ना दोघं.’’

पलीकडे क्षणभर शांतता.

‘‘अं... रविवारी का? आवडलं असतं हो, पण या रविवारी सासूबाईंकडचे येणारेत बहुतेक. बघते मी, सांगते तुम्हाला.’’

‘‘अगं, काही घाई नाही. पुढे कधीतरी ठरवू.’’

बहुतेकांचं लक्ष मधल्या वाक्याकडे जातं. मला शेवटचं जास्त मोलाचं वाटतं. ‘बघते, सांगते’ हे शब्दशः घेतलं असतं, तर बोलावणारी म्हणाली असती, ‘‘बरं, मग शनिवारपर्यंत सांग, त्या हिशेबाने भाजी आणते.’’ ती तसं म्हणाली नाही. तिने आमंत्रण स्वतःच अलगद मागे घेतलं, म्हणजे नकार पोचला. ऐकणाऱ्याला काय कळलं याचा पुरावा त्याच्या मनात शोधावा लागत नाही, तो त्याच्या पुढच्या वाक्यात असतो. कधी तर एवढंही थांबावं लागत नाही. समोरून लगेच उत्तर आलं नाही, की बोलावणारीच घाईने जोडते, ‘‘म्हणजे जमत असेल तर हं.’’ समोरची अजून अवाक्षर बोललेली नसते.

ती शांतता असते तरी केवढी? 2009 साली दहा भाषांतल्या प्रश्नोत्तरांची मोजणी प्रसिद्ध झाली. मराठी त्यांत नव्हती, पण जपानी, डॅनिश, लाओ अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा होत्या. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरीने सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला होता, आणि होकारार्थी उत्तरं नकारार्थी उत्तरांपेक्षा लवकर येत होती. इंग्रजी संभाषणांच्या आणखी एका अभ्यासात दिसलं, की थांबा साधारण पाऊण सेकंदाच्या जवळ गेला की पुढे नकारच येण्याची शक्यता जास्त. पाऊण सेकंद म्हणजे डोळ्याची पापणी दोनतीनदा लवेल एवढाच वेळ, पण कान तो पकडतो.

आता कोणी म्हणेल, की माणूस खरंच ‘बघतो’ म्हणत असेल तर? तसंही असतं. पण ज्याला खरंच यायचं असतं तो दार बंद होऊ देत नाही. ‘‘रविवारी नको, बुधवारी संध्याकाळी चालेल का?’’ असं तो आपणहून म्हणतो, किंवा निदान ‘‘उद्या दुपारी फोन करतो’’ अशी वेळ तरी देतो. ‘कळवतो’ला तारीख नसेल आणि दुसरा पर्यायही नसेल, तर कळवून झालेलं आहे. तरीही शंका असेल तर समोरच्याला बाहेर पडायची सोपी वाट करून द्यावी, ‘‘नाही जमलं तरी काही नाही हं.’’ नकार असेल तर सुटल्यासारखा श्वास ऐकू येतो. मोबाइलवरच्या मजकुरात मात्र हे सगळं पंगू होतं. तिथे थांबा ऐकू येत नाही आणि उशीर झाला तो मनाचा की नेटवर्कचा, हे सांगता येत नाही. तिथे सरळ विचारलेलंच बरं.

हे सगळं जेवणाच्या आमंत्रणापुरतं असतं तर एवढं लिहिण्याची गरज नव्हती. सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या दोघींनी 1999 साली एका शोधनिबंधात हाच धागा लैंगिक मागणीपर्यंत नेला. मुलींना ‘ठणकावून नाही म्हणा’ असं शिकवणारे वर्ग तेव्हा जोरात होते. या दोघींचं म्हणणं असं, की जगात कोणीच कशालाच तसा नकार देत नाही, मग एवढ्या एका प्रसंगी मुलीकडूनच ती अपेक्षा का? ‘आज नको’, ‘बरं वाटत नाहीये’, ‘नंतर बघू’ हे जेवणाच्या बाबतीत ज्याला समजतं, त्याला इथेच समजत नाही हे पटण्यासारखं नाही. पुढे ऑस्ट्रेलियात तरुण मुलांच्या गटांशी बोलून हेच तपासलं गेलं. तोंडाने ‘नाही’ न म्हणता दिलेले नकार कसे असतात, हे त्या मुलांनी बारकाव्यांसकट सांगितलं. बलात्काराची जबाबदारी कोणाची, हा विषय निघाला तेव्हा मात्र ‘तिने स्पष्ट सांगितलंच नाही तर कसं कळणार’ हा सूर लागला.

पत्रिका घेऊन दारात उभा राहिलेला माणूस निदान भाबडा तरी होता. या मुलांचा भाबडेपणा मला खोटा वाटतो. ज्याला कळलं नाही असं तो म्हणतो, त्याला बहुतेक वेळा कळलेलं असतं. ऐकायचं नसतं इतकंच. मुलीने आणखी मोठ्याने बोलून त्यावर उपाय होत नाही.

आपल्या कायद्याने 2013च्या दुरुस्तीत यातला एक पेच सोडवला. कलम 375च्या स्पष्टीकरणात संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेला होकार अशी व्याख्या आली, मग तो शब्दांनी असो वा खुणेने, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हेही तिथेच लिहिलं गेलं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये ही व्याख्या कायम आहे. तेव्हा ‘बघू’ ऐकून पुढे सरकणाऱ्याने तिने नाही कुठे म्हटलं, असं विचारून भागत नाही. ती हो कधी म्हणाली, हे त्याला सांगता आलं पाहिजे.