खंडेनवमी आणि तिफण

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात खंडेनवमी येते ती ऐन ज्वारीच्या पेरणीत. इथल्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिचं पीक उभं राहतं तिफणीवर आणि चाड्यावर मूठ धरणाऱ्या हातावर.

म्हणून आज तिफण धुतली जाते. फणांची माती खरवडायची, चाडं पुसायचं, नळ्यांतून काडी फिरवायची. चाड्यात सोडलेलं बी नळीतून फणामागच्या ओलीत पडतं. एक नळी चिखलानं बुजली, तर पेरताना सहसा कळत नाही. आठवड्याभरानं दोन तासांमधली ओळ मोकळी दिसते, आणि तोवर वरची ओल उडालेली असते. पूजेआधीची ही सफाई मला पूजेइतकीच मोलाची वाटते. धुतलेला फाळ ओला ठेवला तर गंजतो, म्हणून कोरडा करून तेलाचा हात फिरवावा आणि मगच हळदकुंकू, झेंडू वाहावा.

शेजारी ट्रॅक्टर, मोटारसायकल, सुताराची करवत, घरातली विळी. रात्री मुलांची पुस्तकंही पाटावर येतात. उद्या दसऱ्याला पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची. आज मात्र अवजारांना सुट्टी. वापसा असेल, तर परवा पहाटे तिफण पुन्हा रानात.