टीव्हीवरचा कॉल

चि. ऋतुजास,


दिवाळीला नागपूरला आलीस की त्रिमूर्तीनगरला सासरी टीव्हीवर व्हिडिओ कॉल सुरू करून द्यायचाय, असं लिहिलंस. महालात आईसाठी मी हेच केलंय, म्हणून दोन-चार गोष्टी आधीच कळवतो.

वेबकॅम विकत घेण्याआधी टीव्हीच्या प्ले स्टोअरमध्ये ॲप शोध. तिथे सापडेल तेच घे. फोनचं ॲप पेनड्राइव्हने टीव्हीत घालता येतं, पण ते बोटांसाठी बनलेलं असतं. मी तसंच केलं होतं. घंटी वाजायची, आई रिमोटचे बाण दाबत राहायची, पण चौकट काही हिरव्या बटणावर जायची नाही. मी माउस लावून कॉल उचलायचो आणि समजायचो की जमलं. तेव्हा माउस काढून, फक्त बाण आणि ओके दाबून कॉल घेता-ठेवता येतो का ते पाहा. तसंच काही टीव्हींच्या यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह चालतो, वेबकॅम चालत नाही. म्हणून दुकानदाराकडून परत घेण्याची हमी घे. कॅमेरा ओळखूनही चित्र काळंच राहिलं, तर सेटिंग्जमध्ये त्या ॲपला कॅमेऱ्याची आणि माइकची परवानगी दिली आहे का ते बघ.

कॅमेऱ्यापेक्षा खुर्चीची जागा महत्त्वाची. साध्या वेबकॅमची नजर रुंद असते. १० फुटांवर जवळपास १४ फूट रुंदीची खोली त्यात मावते. आई सोफ्यावर बसली की तुमच्या फोनवर तिचा चेहरा वाटाण्याएवढा दिसायचा. आता कॉलसाठी ती ६ फुटांवर वेताच्या खुर्चीत बसते. पाठीमागे खिडकी येऊ देऊ नकोस, नाहीतर चेहरा काळवंडतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे आणखी एक अडचण येते, ती कूलरची. आमचा कूलर टीव्हीशेजारच्या खिडकीत आहे आणि माइक असतो वेबकॅममध्येच, म्हणजे आईपेक्षा कूलरच त्याच्या जवळ. तिकडून तू म्हणायचीस, "मामा, पाऊस पडतोय का?" मी माइकचा आवाज वाढवला, तर घरघरही तेवढीच वाढली. शेवटी कॉल रात्री साडेआठला ठरवला आणि तेवढी पंधरा मिनिटं कूलर बंद ठेवतो.

वेळ ठरवायला आणखी एक कारण आहे. रिमोटने बंद केलेला टीव्ही बहुधा वाजत नाही. सासूबाईंना वाटेल तू फोनच केला नाहीस, आणि तुला वाटेल त्यांनी उचलला नाही. म्हणून आधी साध्या फोनवर रिंग द्यायची, त्यांनी टीव्ही लावला की मग कॉल. लाइट गेली तर टीव्ही इन्व्हर्टरवर असूनही उपयोग नाही. वायफायचा डबाही त्यावर घ्यावा लागतो.

रिमोटच्या ओके बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दे. कागदावर सूचना लिहून ठेवल्या होत्या, त्या आईने एकदाही वाचल्या नाहीत. सगळं लावून झालं की तू वरच्या खोलीत जा, तिथून कॉल कर आणि सासऱ्यांना एकट्यांना उचलू दे. अडले तरी लगेच खाली धावू नकोस. कुठे थांबतात ते आधी कळू दे.

जावईबापूंना नमस्कार. टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो मागवून मला पाठव.

तुझा,
मामा