हा नकार आहे की पळवाट?

तुझा मसुदा दोनदा वाचला. पहिल्या वाचनात मलाच कळलं नाही की त्या ऑपरेटरला तू पगारवाढ देतो आहेस की नाकारतो आहेस. मला कळलं नाही, तर दिवसभर लेथवर उभं राहून जेवणाच्या सुट्टीत हा कागद उघडणाऱ्या माणसाला काय कळणार?

पहिल्या आठ-नऊ ओळी त्याचं कौतुक. प्रामाणिक, मेहनती, कंपनीचा आधारस्तंभ. तो वाचत जाईल आणि मनात मागितलेल्या 28 हजारांचा हिशेब मांडत जाईल. मग नवव्या का दहाव्या ओळीत तुझा ‘तथापि’ येतो. अरे, एखाद्याला जिना चढवून वरून ढकलतात का? कौतुक खरं असेल तर एका वाक्यात लिही, पण आधी उत्तर दे.

आणि उत्तर तरी काय दिलंस? ‘सद्यःस्थितीत आपली विनंती मान्य करता येणे शक्य होणार नाही, तरी भविष्यात सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल.’ कोण करणार विचार? कधी? नववीत तुला कर्मणी प्रयोग शिकवला, तो कर्त्याला लपायला जागा मिळावी म्हणून नव्हे. निर्णय तुझा आहे ना? मग ‘मी ही वाढ देऊ शकत नाही’ असं लिहायला हात का थरथरतो? ‘विचार करण्यात येईल’ हे वाचून तो दर महिन्याला तुझ्या केबिनच्या दाराशी येईल, तू दर महिन्याला ‘बघू’ म्हणशील आणि चौथ्या महिन्यात तो शेजारच्या गाळ्यात कामाला लागलेला असेल.

सगळ्यात जास्त राग मला कारणाचा आला. ‘आर्थिक मंदी.’ गेल्या महिन्यात नवीन मशिन आलं, ते क्रेनवरून उतरवून घ्यायला हाच मुलगा उभा होता ना? त्याच्या डोळ्यांदेखत मशिन येतं आणि तू त्याला मंदी सांगतोस! खरं कारण तू मला फोनवर अर्ध्या मिनिटात सांगितलंस: मोठ्या गिऱ्हाइकाचे दर मार्चपर्यंत बांधलेले आहेत, आणि मशिनचा हप्ता सुरू झाला आहे. हेच लिही. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

आता पुढची वाट. तुझ्या मसुद्यात ती नाहीच, पण तुझ्या बोलण्यात होती. सेटिंगसाठी तू बाहेरून माणूस बोलावतोस, महिन्याला पाच-सहा वेळा, दर वेळी 1,500 रुपये. म्हणजे साडेसात ते नऊ हजार बाहेर जातात. हा मुलगा सेटिंग शिकला तर त्यातलेच चार हजार त्याला देता येतील. उसन्या आशेवर दिलेला शब्द आणि असा हिशेब करून दिलेला शब्द यांत फरक असतो. बघ, असं लिही:

‘तुमचा पगार 22 हजारांवरून 28 हजार करावा, असा अर्ज मिळाला. ही वाढ मी आत्ता देऊ शकत नाही. गिऱ्हाइकाचे दर मार्चपर्यंत ठरलेले आहेत आणि नव्या मशिनचा हप्ता सुरू झाला आहे. चार वर्षांत तुमच्या हातचा माल क्वचितच परत आला, हे मला ठाऊक आहे. सेटरच्या कामाला मी 26 हजार देऊ शकतो. त्याचं शिक्षण मी माझ्या खर्चाने देईन, दर शनिवारी दोन तास, कामाच्या वेळेत. तीन महिन्यांनी, 1 ऑक्टोबरला, आपण बसू. कुणाच्या मदतीशिवाय तुम्ही सेटिंग करून पहिला नग दीड तासात मापात काढू लागला असाल, तर त्याच महिन्यापासून 26 हजार.’

कसोटी काय ठेवली आहे, ते नीट बघ. तू फोनवर म्हणत होतास, ‘रिजेक्शन कमी केलं तर देतो.’ बारमध्येच चीर असेल, तर ते रिजेक्शन त्याच्या माथी मारणार का? जे त्याच्या हातात आहे, तेच मोजायचं. आणि 28 हजारांचा उल्लेख पुढच्या वाटेत मुद्दाम केलेला नाही. तो आकडा तुझ्या खिशात नाही, म्हणून कागदावरही नको. शनिवारचे दोन तास मात्र एकदाही ‘माल अर्जंट आहे’ म्हणून खायचे नाहीत. ते खाल्लेस तर 1 ऑक्टोबरला तो काही शिकला नाही, असं म्हणायचा तुला अधिकार नाही.

‘तुमच्यासारखे इतरही मागतील’ हे मसुद्यातलं शेवटचं वाक्य मी लाल पेनाने खोडलं आहे. त्याने स्वतःपुरतं मागितलं, त्याला स्वतःपुरतं उत्तर मिळालं पाहिजे.

कागद सुपरवायझरच्या हाती पाठवू नकोस. त्या मुलाला केबिनमध्ये बसव, आधी तोंडाने नाही म्हण, मग पत्र दे आणि तो वाचेपर्यंत मोबाइलला हात लावू नकोस. तो चिडला तर चिडू दे. सहा हजार मागायला त्याने किती दिवस मनाची तयारी केली असेल, याचा अंदाज कर.

नवा मसुदा उद्या संध्याकाळपर्यंत मला दाखव. सही शिक्क्याची नको, हाताची.