मोजमाप पुस्तिकेचं पान

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना विंझर लागतं. एकीकडे राजगड, दुसरीकडे तोरणा आणि मध्ये चार महिने कोसळणारा पाऊस. समजा, विंझरहून एखाद्या वाडीकडे जाणारा पाचशे मीटरचा खडीचा रस्ता उन्हाळ्यात झाला आणि श्रावणापर्यंत उखडला. पारावर सगळ्यांना ठाऊक असतं की खडी कमी पडली. कचेरीत मात्र एकच उत्तर मिळतं: "अहो, पाऊस किती झाला बघा की." या उत्तरापुढे गावाचं काही चालत नाही, कारण पाऊस खरंच झालेला असतो.

गावाला ठाऊक असलेलं आणि सरकारी कागदावर लिहिलेलं, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या, इतकीच मुळात माहिती अधिकारामागची कल्पना. ती सुचायला आणि कायद्यात उतरायला मात्र स्वातंत्र्यानंतर अर्धं शतक गेलं.

1923 चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी केला आणि आपण तो कायम ठेवला. त्यातून कारकुनापर्यंत एक समजूत झिरपली: फाईल कचेरीची, बाहेरच्याने ती मागणं हा आगाऊपणा. 1975 मध्ये राज नारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, सरकार काय करतं हे जाणण्याचा लोकांना हक्क आहे. विचार मोठाच होता, पण तो निकालपत्रात राहिला. कोणत्या टेबलावर जाऊन काय मागायचं, हे त्यातून कुणाला कळत नव्हतं.

ते दाखवलं राजस्थानातल्या मजुरांनी. मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 च्या डिसेंबरात कोट किराना गावी पहिली जनसुनावणी घेतली. दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली. कोण कामावर होतं, कोण नव्हतं, हे ऐकणाऱ्यांनीच सांगितलं. भ्रष्टाचार शोधायला ना लेखापरीक्षक लागला ना पोलीस. लागला तो कागद आणि तो ओळखणारी माणसं. माझ्या मते या कल्पनेच्या वाटचालीतलं हे खरं वळण. तोवर गाऱ्हाणं मांडणारा माणूस विनवणी करत होता. इथून पुढे तो तपासणी करू लागला.

महाराष्ट्राने 2000 साली केलेला पहिला कायदा अपवादांनी इतका भरलेला होता की तो नसल्यासारखाच. अण्णा हजारेंच्या आंदोलनाच्या रेट्याने 2002 चा कायदा झाला, त्याला राष्ट्रपतींची संमती मिळायला 2003 चा ऑगस्ट उजाडला. मग 12 ऑक्टोबर 2005 पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. माहिती दडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड महाराष्ट्राच्या कायद्यात आधीच होता. केंद्राच्या कायद्यातही तो आला, जास्तीत जास्त 25,000 रुपयांपर्यंत.

आता पुन्हा आपल्या त्या रस्त्याकडे येऊ. रागावलेला माणूस पहिला अर्ज करतो तो असा: "रस्ता निकृष्ट का झाला?" हा अर्ज फुकट जातो. 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये सांगितलं आहे. कचेरीत जे नोंदलेलं आहे तेच मागता येतं. म्हणून मागायचं ते अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची पानं. बांधकामवाले या पुस्तिकेला 'एमबी' म्हणतात. शाखा अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजतो, तारखेसह तिच्यात लिहितो आणि त्याच आकड्यांवर ठेकेदाराचं बिल निघतं.

एमबीत पाचशे मीटर लांबी, तीन मीटर रुंदी आणि दबाईनंतरची जाडी 15 सेंटिमीटर लिहिली असेल, तर खडी झाली 225 घनमीटर. रस्त्याची कड पहारीने चार-पाच ठिकाणी उकरली आणि टेपवर सगळीकडे 10 सेंटिमीटरच भरली, तर प्रत्यक्षात पडली 150. तफावत 75 घनमीटरची, म्हणजे साधारण 26 ब्रास. घर बांधलेल्या कुणालाही 26 ब्रास म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पडताळा हवा असेल तर बिलाला जोडलेले गौण खनिजाचे वाहतूक पासही मागावेत. 225 घनमीटर म्हणजे जवळपास 80 ब्रास, तेही दाबलेली खडी. सुटी खडी त्याहून जास्त आणावी लागते. पासच 80 ब्रासपेक्षा कमी भरले, तर पावसाचं कारण तिथेच संपतं. पाऊस खडी वाहून नेतो, पास वाहून नेत नाही.

कायद्याच्या कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. हा भाग लोक विसरतात. प्रती गोळा करून ठेवणारे पुष्कळ असतात, पहार घेऊन जाणारे थोडे.

आपल्याकडे वेळेचीही मेख आहे. उत्तराला 30 दिवस, पहिल्या अपिलाला 30 ते 45. अर्ज मे महिन्यात केला तर कागद हाती येईपर्यंत रस्ता खरंच वाहून गेलेला असतो. काम चालू असतानाच अर्ज करावा. अर्ज दीडशे शब्दांत, एकाच विषयावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्याने मुदतच घातलेली नाही. हजारो अपिलं आयोगात पडून असतात आणि वेळ काढू पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हे पाठ असतं. "अभिलेख आढळून येत नाही" हे आणखी एक लाडकं वाक्य. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायद्यात अभिलेख बेकायदा नष्ट करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अपिलात तिचा उल्लेख केल्यावर हरवलेल्या फायली सापडू शकतात, हा या कायद्याचा एक चमत्कार म्हणायचा.

तफावत सिद्ध झाली म्हणून पैसे वसूल होतातच असं नाही. आयोग कागद देववतो, ठेकेदारावर कारवाई करत नाही. अर्ज टाकून मग ठेकेदाराशी 'मिटवणारे'ही गावोगाव आहेत, हे झाकण्यात अर्थ नाही. आणि किंमत मोजणारेही आहेत. तळेगाव दाभाड्यात जमीन व्यवहारांचे कागद बाहेर काढणाऱ्या सतीश शेट्टींचा 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. एकट्याने कागद मागणं धोक्याचं आहे, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिलं आहे.

म्हणूनच माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 मोलाचं. कुणी मागण्याआधीच कचेरीने 17 प्रकारची माहिती स्वतःहून जाहीर करायची, तीही कायदा झाल्यापासून 120 दिवसांत. मागणारा एकटा उरू नये, हा त्यातला शहाणपणा. वीस वर्षांत याच कलमाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष झालं. उलट वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023 च्या कायद्याने कलम 8(1)(ञ) बदललं आणि 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं करून ठेवलं. कोट किरानाचे हजेरीपट म्हणजे शेवटी माणसांची नावंच होती, हे बदल करणाऱ्यांना आठवलं नसावं.

एक वाट अजून उघडी आहे. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी नागरिकांना फायली पाहू देण्याची पद्धत आधीपासून होती. राज्य सरकारने 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकाने ती जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. सोमवारी तीन ते पाच. वेल्ह्याच्या पंचायत समितीत जाणार असाल तर ओळखपत्र घ्या, बरोबर आणखी दोघांना न्या आणि एमबीचं पान उघडून मागा. आकडे वहीत उतरवून घ्या आणि परतताना वाडीच्या रस्त्यावर टेप धरा.